अल्सर फुटल्यावर थांबता येते का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला झालेला अल्सर आरपार फुटला, तर ते छिद्र शिवून रुग्ण वाचवल्याची पहिली नोंद १८९२ची, जर्मनीतली. पुढे १९२९ आणि १९३७मध्ये आतड्यांवर असणाऱ्या चरबीच्या पडद्याचा तुकडा छिद्रावर बसवून टाके घालण्याची पद्धत मांडली गेली. आजही मुख्यतः तेच केले जाते, फक्त अनेकदा दुर्बिणीतून.

वाद निर्माण झाला तो १९४०च्या दशकात. काही छिद्रे यकृत किंवा तोच चरबीचा पडदा चिकटून आपोआप बुजतात, हे दिसले होते. मग नाकातून नळी घालून जठर रिकामे ठेवले, सलाइन आणि अँटिबायोटिक दिले, तर पोट उघडायचे कशाला? त्या काळी शस्त्रक्रियेतच इतके रुग्ण दगावत की हा प्रश्न रास्त होता. १९८९मध्ये हाँगकाँगमधल्या ८३ रुग्णांच्या चाचणीत या वाट पाहण्याची रीतसर पारख झाली. थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणांची शस्त्रक्रिया टळली, पण चौथ्या हिश्शाहून अधिक जणांना ती शेवटी करावीच लागली, आणि सत्तरीपुढच्यांना थांबणे फारसे मानवले नाही. पुढची चर्चा बहुतेक वेळा पहिल्या निम्म्या वाक्यावरच थांबते, हे मला खटकते.

थांबण्यातला धोका कळायला आजाराचा क्रम पाहावा. समजा, सांधेदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्या एका गृहस्थांना पहाटे चारला पोटात अचानक असह्य कळ येते. आम्ल उदरपोकळीच्या अस्तरावर सांडलेले असते, म्हणून पोट फळीसारखे कडक होते. ते हलतही नाहीत, श्वासही उथळ घेतात. नऊच्या सुमारास दुखणे ओसरते, कारण अस्तरातून पाझरणाऱ्या द्रवाने आम्ल पातळ होते. घरच्यांना वाटते, बरे वाटू लागले. छिद्र मात्र उघडेच असते आणि सांडलेल्या द्रवात जंतू वाढत असतात. दुपारी पोट फुगते, नाडी वेगाने चालते, रक्तदाब घसरतो.

म्हणून इस्पितळात तयारी आणि तपासण्या एकत्रच चालतात. तोंडाने पाणीही बंद, नाकातून नळी, सलाइन, अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारे इंजेक्शन, वेदनाशामक. उभे किंवा बसवून काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाखाली हवेची चंद्रकोर दिसू शकते. ती दिसली नाही म्हणून छिद्र नाही असे ठरत नाही, मग सीटी स्कॅन करतात. शस्त्रक्रियेत पोट धुऊन छिद्र बंद करतात. अल्सर जठरात असेल तर कर्करोग नाही ना, हे पाहायला तुकडा तपासणीला जातो.

आज थांबायचे ठरवले तरी छिद्र बुजल्याचे रंगद्रव्य पाजून केलेल्या तपासणीत दिसावे लागते, आणि दर थोड्या तासांनी पोटाला हात लावून पाहणारा सर्जन जवळ असावा लागतो. ताप, नाडी किंवा कडकपणा वाढला तर थांबणे तिथेच संपते.

पूर्वी याच शस्त्रक्रियेत आम्ल कमी करण्यासाठी जठराच्या मज्जातंतूही कापत. १९८०च्या दशकात बहुतेक अल्सरमागचा जीवाणू सापडल्यावर ते जवळजवळ बंद झाले. आता छिद्र शिवल्यावर त्या जीवाणूची तपासणी होते, तो असल्यास औषधांनी संपवतात, आणि त्या गृहस्थांच्या सांधेदुखीच्या गोळ्याही अल्सरला कारण ठरू शकतात, म्हणून त्या बदलाव्या लागतात.