दोन मीटर तार आणि पाच किलो वजन

छताला घट्ट बसवलेल्या आधारापासून दोन मीटर लांबीची, अर्धा मिलिमीटर जाडीची पोलादी तार सोडली आणि तिच्या खालच्या टोकाला पाच किलोचे वजन टांगले, तर तार ताणली जाते. पण किती, हे डोळ्यांना सांगता येत नाही. आकडेमोड मात्र ते सहज सांगते, आणि त्यासाठी तारेविषयी चारच गोष्टी माहीत असाव्या लागतात: तिची लांबी, तिच्या छेदाचे क्षेत्रफळ, तिच्यावरचा भार आणि ती ज्या पदार्थाची आहे त्याचा यंग गुणांक.

पाच किलो वस्तुमानाचे वजन सुमारे ४९ न्यूटन असते. हे बल तारेच्या प्रत्येक आडव्या छेदातून वर आधारापर्यंत पोचते. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या गोल तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर २५० न्यूटन इतका भार येतो. क्षेत्रफळाच्या एककावर येणाऱ्या या बलाला प्रतिबल म्हणतात. पाच किलो हा आकडा किरकोळ वाटला, तरी तो एवढ्याशा छेदावर एकवटल्यामुळे प्रतिबल बरेच मोठे झाले आहे, कारण एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या सळईत तेवढेच प्रतिबल निर्माण करायला अडीच टनांहून अधिक वजन टांगावे लागेल.

तारेची वाढ मिलिमीटरमध्ये मोजली तर ती तारेच्या लांबीवर अवलंबून राहते. दुप्पट लांबीची तार त्याच भाराने दुप्पट वाढते, कारण तिचा प्रत्येक तुकडा सारखाच ताणला जातो आणि तुकडे दुप्पट असतात. म्हणून झालेल्या वाढीला मूळ लांबीने भागतात आणि येणाऱ्या गुणोत्तराला विकृती म्हणतात. लांबीला लांबीने भागल्यामुळे विकृतीला एकक नसते. भार मर्यादेत असेल तोवर प्रतिबल आणि विकृती यांचे प्रमाण कायम राहते, आणि ते प्रमाण म्हणजेच यंग गुणांक. पोलादासाठी तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,००,००० न्यूटन आहे. आता २५० ला दोन लाखांनी भागले की विकृती ०.००१२५ येते, आणि तिला २००० मिलिमीटरने गुणले की तारेची वाढ २.५ मिलिमीटर मिळते. हाच हिशेब एका ओळीत असा लिहितात:

ΔL = F L / (A E)

यात F म्हणजे भार, L मूळ लांबी, A छेदाचे क्षेत्रफळ, E यंग गुणांक आणि ΔL वाढ. ताणली जाताना तार थोडी बारीकही होते, तरीही येथे मूळ क्षेत्रफळच घेतले आहे, कारण आपल्या तारेचा व्यास या भाराने जेमतेम ०.०००२ मिलिमीटरने कमी होतो आणि तो फरक तारेची जाडी मोजणाऱ्या स्क्रू गेजच्या आवाक्यापलीकडचा आहे.

रॉबर्ट हूक यांनी वजन आणि ताण यांच्या या समप्रमाणाविषयी १६७८ मध्ये लिहिले, तेव्हा प्रयोगासाठी वीस, तीस किंवा चाळीस फूट लांबीची तार खिळ्याला टांगावी, खाली पारडे बांधावे आणि त्यात वजने टाकत पारड्याचे जमिनीपासूनचे अंतर मोजावे, असे त्यांनी सुचवले होते. एवढी लांब तार घेण्यामागचे कारण वरच्या हिशेबात आहे. सूक्ष्म मापाची साधने हाताशी नसताना वाढ दिसण्याजोगी करायची, तर लांबी वाढवणे हाच सोपा मार्ग होता.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस फूट उंचीचे छत नसते, म्हणून तेथे सर्ल यांचे उपकरण वापरतात. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या जी. एफ. सी. सर्ल यांनी योजलेल्या या मांडणीत एकाच आधारापासून एकाच पदार्थाच्या, सारख्या लांबीच्या दोन तारा शेजारी-शेजारी सोडलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या खाली एकेक धातूची चौकट असते. एक पाणसळ दोन्ही चौकटींवर आडवी ठेवलेली असते. तिचे एक टोक पहिल्या चौकटीला बिजागरीसारखे जोडलेले असते, तर दुसरे टोक दुसऱ्या चौकटीतील सूक्ष्ममापी स्क्रूच्या अग्रावर टेकलेले असते. पहिल्या तारेवरचे वजन बदलायचे नाही. दुसरीवर अर्धा किलो वजन चढवले की तिची चौकट किंचित खाली सरकते, पाणसळ तिरपी होते आणि बुडबुडा बाजूला पळतो. मग स्क्रू फिरवून बुडबुडा पुन्हा मध्यावर आणायचा. त्यासाठी स्क्रू जेवढा वर न्यावा लागला तेवढीच तार वाढली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे वाचन यातून मिळते, आणि आपल्या तारेसाठी दर अर्ध्या किलोला ०.२५ मिलिमीटर इतकी वाढ दिसायला हवी.

जिच्यावरचे वजन बदलायचेच नाही अशी ती पहिली तार कशासाठी, असा प्रश्न येथे साहजिक आहे. पोलाद एक अंश सेल्सिअसने तापले की आपल्या लांबीच्या दहा लाखांतील सुमारे बारा भागांनी वाढते. दोन मीटर तारेसाठी ही वाढ ०.०२४ मिलिमीटर होते. म्हणजे वाचने घेता घेता खोलीचे तापमान फक्त एका अंशाने चढले, तरी अर्ध्या किलोने होणाऱ्या वाढीत जवळजवळ दहा टक्क्यांची भेसळ होते. पहिली तार त्याच हवेत लटकत असल्यामुळे तीही तेवढीच वाढते, दोन्ही चौकटी बरोबरीने खाली येतात आणि बुडबुडा जागचा हलत नाही. वजनाने वरचा आधारच थोडा वाकला तर तोही दोन्ही तारांना सारखाच खाली घेतो. मोजायचे ते दोन चौकटींमधील अंतर, जमिनीपासूनची उंची नव्हे. या एका युक्तीने दोन मोठ्या त्रुटी आपोआप वजा होतात. सर्ल यांच्या मांडणीतले खरे चातुर्य मला स्क्रूपेक्षा या मुक्या तारेत दिसते.

तरीही काही त्रुटी उरतातच. गुंडाळीतून सोडवलेली तार पूर्ण सरळ नसते; तिच्यातले बाक सुरुवातीच्या वजनांनी सरळ होत जातात आणि ते सरळ होणे वाढ म्हणून नोंदले जाते. म्हणून दोन्ही तारांना आधी एखादा किलो वजन देऊन ताठ करून घेतात आणि मोजणी त्यानंतर सुरू करतात. तार पकडणाऱ्या चिमट्यातून ती किंचित सुटली, तर त्यावर पहिल्या तारेचा काही इलाज चालत नाही. मात्र ते ओळखता येते: एखाद्याच वजनाला वाढ अचानक जास्त भरते, आधीच्या आणि नंतरच्या पायऱ्या मात्र सारख्याच राहतात. आलेखात रेषा तुटून वर सरकते, पण तिचा चढ बदलत नाही.

सर्वांत महाग पडते ती व्यासाची चूक. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे व्यासातील दोन टक्क्यांची चूक उत्तरात चार टक्के होऊन येते. ०.५० ऐवजी ०.५१ मिलिमीटर असे वाचन घेतले, तर बाकी सगळे अचूक असूनही यंग गुणांक २,००,००० ऐवजी सुमारे १,९२,००० येईल. त्यामुळे स्क्रू गेजची शून्यत्रुटी आधी पाहून घ्यावी आणि तारेवर वेगवेगळ्या ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनातल्या दोन दिशांनी व्यास मोजावा, कारण तार सगळीकडे अगदी गोल असतेच असे नाही. स्क्रू फिरवण्यात मन रमलेले विद्यार्थी हे माप घाईत उरकतात आणि मग चूक बुडबुड्यात शोधत बसतात.

वजने चढवताना घेतलेली वाचने ती उतरवतानाही पुन्हा घ्यायची असतात. सरासरी अधिक विश्वासार्ह होते हा त्याचा एक फायदा. दुसरा, आणि मोठा, हा की तार स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत होती का, हे त्यातून कळते. मर्यादेत असलेली तार वजन काढताच मूळ लांबीला परत येते. मर्यादा ओलांडली असेल तर उतरतीची रेषा चढतीच्या रेषेला समांतर राहते, पण शून्याला पोचत नाही. काही वाढ तारेत कायमची मुरलेली असते. त्याआधीही एक इशारा मिळतो. बुडबुडा मध्यावर आणून ठेवावा आणि वजन न बदलता तो पुन्हा सरकू लागावा, असे झाले तर तार हळूहळू वाहते आहे. तार तुटण्याच्या भाराच्या निम्म्याहून जास्त वजन टांगू नये, हा प्रयोगशाळेतला नियम यासाठीच असतो.

ही मर्यादा कोठे येईल, हे यंग गुणांकावरून कळत नाही. बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती भाजून मऊ केलेली तार आणि सतारीची कडक पोलादी तार यांची लांबी व जाडी सारखी घेतली आणि दोन्हींना तीन-तीन किलो वजन टांगले, तर दोन्ही जवळजवळ सारख्याच, दीड मिलिमीटर, वाढतील. वजन काढल्यावर दोन्ही परत येतील. मात्र पाच किलोच्या आसपास मऊ तार आपल्या मर्यादेशी पोचते, तर कडक ओढलेली अर्धा मिलिमीटरची तार तुटण्यासाठी चाळीस किलोच्या घरात भार लागू शकतो. ताणाला होणारा विरोध लोखंडाच्या शेजारच्या अणूंमधील बंधांतून येतो आणि ते बंध दोन्ही तारांत सारखेच आहेत. आपल्या २.५ मिलिमीटर वाढीत शेजारच्या दोन अणूंमधील पाव नॅनोमीटरचे अंतर सरासरीने फक्त ०.०००३ नॅनोमीटरने वाढलेले असते. कायमची वाढ मात्र अणूंचे थर एकमेकांवरून घसरल्याने होते. थोडा कार्बन मिसळून आणि तार ओढून हे घसरणे रोखता येते, पण बंधांचा ताठपणा त्याने फारसा बदलत नाही. त्यामुळे एखादी तार भाराने फार वाढते म्हणून तिच्या जागी अधिक मजबूत पोलादाची तेवढ्याच जाडीची तार घालणे निरुपयोगी आहे. जाडीच वाढवावी लागेल.

एका भारापुढे मात्र जाडीचाही उपयोग होत नाही, आणि तो म्हणजे तारेचे स्वतःचे वजन. आपल्या दोन मीटर तारेचे वजन तीन ग्रॅम असल्यामुळे ते सोडून दिले होते. पण एक किलोमीटर लांबीची तार खोल विहिरीत सोडली तर ती नुसत्या स्वतःच्या वजनाने सुमारे १९ सेंटिमीटर वाढते. जाडी दुप्पट केली की वजन आणि क्षेत्रफळ दोन्ही सारख्याच पटीने वाढतात आणि उत्तर तेच राहते. थॉमस यंग यांनी १८०७ मध्ये हा गुणांक मांडला तोही बलात नव्हे, तर ज्याच्या वजनाने तळाशी या गुणांकाइतके प्रतिबल येईल अशा, त्याच पदार्थाच्या स्तंभाच्या रूपाने, आणि आज त्या स्तंभाची उंची काढली तर पोलादासाठी ती सुमारे २,६०० किलोमीटर भरते. तार या उंचीचा जितका भाग असेल, त्याच्या निम्मी तिची विकृती होते. निम्मी अशासाठी, की वरच्या टोकाला पूर्ण तारेचे वजन पेलावे लागते आणि खालच्या टोकाला काहीच नाही.