झुरळांवरची दोन आयजीआर: एक वयात येऊ देत नाही, दुसरं कात टाकू देत नाही

पेस्ट कंट्रोलवाला "यात आयजीआर आहे" असं सांगतो, तेव्हा त्या एका शब्दामागे दोन अगदी वेगळी औषधं असू शकतात. आयजीआर म्हणजे कीटकांची वाढ बिघडवणारं रसायन. दोन्ही प्रकार झुरळाला लगेच मारत नाहीत, दोन्ही प्रौढ झुरळाला जवळजवळ धक्का लावत नाहीत, आणि दोन्हींचा रोख पिल्लांवर असतो. त्यामुळे लोक त्यांना एकच समजतात. मग एकाकडून दुसऱ्याच्या खुणांची अपेक्षा धरतात आणि औषध नीट काम करत असतानाच "फेल गेलं" म्हणून बंद करतात. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की दोघांना एकदा शेजारी ठेवून बघणं मला गरजेचं वाटतं.

उदाहरण घेऊ स्वयंपाकघरातल्या लहान, फिकट तपकिरी झुरळाचं, ज्याला जर्मन झुरळ म्हणतात. मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला धरून फिरते. एका डबीत साधारण ३० ते ४० अंडी असतात. पिल्लं बाहेर येतात ती बिनपंखांची. पुढे सुमारे सहा वेळा कात टाकून, साधारण दीड-दोन महिन्यांत ती प्रौढ होतात. पंख आणि प्रजननक्षमता या दोन्ही गोष्टी शेवटची कात टाकल्यावरच येतात. दोन्ही आयजीआर कातीच्या याच साखळीवर घाव घालतात, पण घावाची जागा वेगळी असते.

पहिला प्रकार ज्युवेनाईल हार्मोनची नक्कल करणारा. लेबलवर हायड्रोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन हे नाव दिसलं तर तो हा. पिल्लाच्या डोक्यात मेंदूच्या मागे एक बारीकशी ग्रंथी असते. तिचा हार्मोन रक्तात आहे तोवर कात टाकल्यावर पुन्हा पिल्लूच बाहेर येतं, फक्त आधीपेक्षा मोठं. शेवटच्या अवस्थेत ही ग्रंथी गप्प होते, हार्मोन उतरतो, आणि त्यानंतरच्या कातीतून प्रौढ झुरळ निघतं. म्हणजे वयात येण्यासाठी हा हार्मोन नसणं आवश्यक आहे. औषध नेमकं त्याच वेळी शरीरात असलं की "अजून लहानच राहा" हा निरोप चालू राहतो. एकीकडे प्रौढ होण्याची तयारी, दुसरीकडे थांबण्याचा हुकूम, आणि या ओढाताणीतून जे बाहेर पडतं ते अर्धवट असतं: आकाराने प्रौढ, पंख मुरडलेले, रंग बहुधा गडद, आणि बहुतेकदा वांझ.

दुसरा प्रकार हार्मोनच्या वाटेला जात नाही. नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन, डायफ्लुबेन्झ्युरॉन अशी 'युरॉन'वर संपणारी नावं या घराण्याची. कीटकाच्या कवचात कायटिन असतं. दर वेळी जुनं कवच टाकण्याआधी आतून नवं तयार व्हावं लागतं आणि त्यासाठी ताजं कायटिन लागतं. हे औषध ते कायटिन बनू देत नाही. हार्मोन वेळेवर येतो, कात टाकायची वेळही होते, पण आतलं नवं कवच पातळ आणि कच्चं असतं. पिल्लू जोर लावतं, जुनी कात पाठीवर चिरते, आणि ते तिथेच अडकतं किंवा फाटतं.

या दोन घराण्यांचा उगमही वेगळा आहे. पहिल्याची मुळं कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात ऱ्होड्नियस या रक्तपिपासू ढेकणावर केलेल्या प्रयोगांत आहेत. डोकं कापल्यावर कीटक कसा आणि कधी वाढतो हे पाहून त्यांनी या हार्मोनचा माग काढला. पुढे १९५६ मध्ये जीवशास्त्रज्ञ कॅरोल विल्यम्स यांना एका मोठ्या पतंगाच्या नराच्या पोटात त्याचा भरपूर साठा सापडला. दुसरं घराणं मात्र १९७० च्या आसपास तणनाशकं शोधताना अवचित हाती लागलं.

आता हिशेब करून बघू. समजा एका स्वयंपाकघरात १०० झुरळं आहेत, त्यातली ८० पिल्लं आणि २० प्रौढ. वाढत्या वस्तीत पिल्लांचाच भरणा असतो, म्हणून हे प्रमाण धरलं. प्रौढांतल्या निम्म्या माद्या, म्हणजे १०, आणि त्यांतल्या पाच जणींच्या डब्या तयार आहेत.

हायड्रोप्रीन लावलं. पहिल्या आठवड्यात सहा अवस्थांपैकी शेवटच्या अवस्थेतली पिल्लं असतील फार तर १३-१४. त्यांतही ज्यांना ती अवस्था सुरू होताना औषध मिळालं, तीच बिघडतील. ज्यांची कात दोन दिवसांवर आली होती, त्यांच्या शरीरात प्रौढ होण्याचे निर्णय आधीच झालेले असतात, त्यामुळे ती धडधाकट प्रौढ होऊन निघतात. बाकीच्या ६६-६७ पिल्लांना काहीच झालेलं दिसत नाही. त्यांच्या शरीरात हा हार्मोन तसाही आहेच, बाहेरून थोडा जास्त आला तर काय बिघडणार! ती खातात, पळतात, कात टाकतात. त्यातच पाच डब्या फुटतात आणि ३५ च्या हिशेबाने १७५ नवी पिल्लं येतात. महिन्याभराने चिकट सापळ्यात आधीपेक्षा जास्त झुरळं सापडतात. लोक औषध सोडतात ते नेमकं इथे. पण ती १७५ पिल्लं आणखी महिन्या-दीड महिन्याने शेवटच्या कातीशी पोहोचणार आहेत. औषध तोवर टिकलं, तर त्यांच्यातून पुढची पिढी जवळपास निघणार नाही. जुने प्रौढ मात्र चार-सहा महिने जगू शकतात आणि त्यांच्या माद्या डब्या देत राहतात. म्हणूनच हायड्रोप्रीनसोबत प्रौढांना मारणारं जेल मी आवश्यक मानतो. नुसत्या हायड्रोप्रीनवर विसंबलं तर खरी घट दिसायला तीन-चार महिने सहज जातात.

त्याच घरात नोव्हाल्युरॉन घातलेलं आमिष ठेवलं तर चित्र वेगळं दिसतं. कोणत्याही अवस्थेतलं पिल्लू साधारण आठवड्या-दीड आठवड्यात कात टाकतंच, त्यामुळे ज्यांनी आमिष खाल्लं ती पिल्लं पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच गळायला लागतात. मादीने खाल्लं तर आणखी एक फायदा होतो. तिला स्वतःला काही होत नाही, कारण ती आता कात टाकणार नसते, पण अंड्यातल्या गर्भालाही कवच घडवावं लागतंच. म्हणून औषध खाल्लेल्या मादीच्या डब्या फुटत नाहीत किंवा आधीच गळून पडतात. सगळी मदार 'खाल्लं तर' या शब्दांवर आहे. झुरळाच्या बाबतीत हे घराणं मुख्यतः पोटातून काम करतं. नुकतीच जन्मलेली पिल्लं फटीपासून फार दूर जात नाहीत. आमिषाचा एक मोठा गोळा ओट्याखाली ठेवून दिला तर तो त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. बिजागरीच्या मागे, फ्रिजच्या मोटरशेजारी, सिंकच्या जोडाशी, असे बारीक बारीक ठिपके बऱ्याच जागी द्यावे लागतात.

हायड्रोप्रीनला ही अडचण कमी भासते. ते थोडं उडतं, त्यामुळे वाफ आसपासच्या फटींत पसरते आणि झुरळाला नुसत्या स्पर्शानेही लागतं. पायरीप्रॉक्सिफेन तसं पसरत नाही, पण उजेडात जास्त टिकतं. पहिल्या घराण्याची गाठ वेळेशी असते, दुसऱ्याची जागेशी. हे एवढं लक्षात ठेवलं तर निम्मा गोंधळ मिटतो.

काम होतंय की नाही हे ओळखायला चिकट सापळे लावा. जागा बदलू नका, आठवड्याला एकदा उघडा, आणि हातात टॉर्च असू द्या. साध्या प्रौढ झुरळाचे पंख पाठीवर सपाट, एकावर एक बसलेले असतात आणि पोटाच्या टोकापर्यंत सरळ जातात. हार्मोनवाल्या औषधाने बिघडलेल्याचे पंख भिजून वाळलेल्या कागदासारखे कडेने वळलेले, टोकाला वर उचललेले दिसतात. असे पंख दिसू लागले की औषध पोहोचलं. वळलेले पंख म्हणजे वांझपणा हा हिशेब बहुतेक वेळा जुळतो, पण नेहमीच नाही. औषध अपुरं मिळालं असेल तर पंख थोडेसे वाकलेल्या मादीलाही पिल्लं होऊ शकतात. म्हणून दर आठवड्याला सरळ पंखांचे किती आणि वाकड्या पंखांचे किती, ते वेगवेगळे मोजा. वाकड्यांचा वाटा वाढत गेला पाहिजे.

कायटिनवाल्या औषधाची खूण सापळ्यात कमी आणि फटीजवळ जास्त सापडते. पाठीवर चिरलेली कात, तिच्यातून निम्मं बाहेर आलेलं मऊ, दुधी रंगाचं पिल्लू, आणि पाय अजून जुन्या कातीत अडकलेले. इथे एक फसगत होते. पांढरंशुभ्र झुरळ दिसलं की "औषधाने रंग उडाला" असं काही जण म्हणतात. पूर्ण आकाराचं, काळ्या डोळ्यांचं पांढरं झुरळ फक्त नुकतंच कात टाकून आलेलं असतं. काही तासांत ते तपकिरी होतं, आणि ते अगदी निरोगी असतं. रिकामी, अखंड कात हीसुद्धा निरोगी पिल्लाचीच निशाणी.

दोन्ही औषधांना सारखीच मारक ठरणारी एक चूक म्हणजे त्याच फटींवर वासाचा, झुरळं पळवणारा स्प्रे मारणं. प्रौढ तर पळतातच, पण पिल्लंही औषध लावलेली जागा सोडून भिंतीपलीकडे जातात आणि जेलला तोंड लावत नाहीत. शेजारच्या घरातून येणाऱ्या झुरळांवरही दोन्हींचा उपाय चालत नाही. तिथून आलेली मादी आधीच डबी घेऊन आलेली असते. सापळ्यात वाकड्या पंखांचं प्रमाण वाढत असतानाच अचानक सरळ पंखांचे प्रौढ येऊ लागले, तर औषधाला दोष देण्याआधी पाइपाभोवतीचं भोक बघा.

बाजारात दोन्ही घराणी एकत्र केलेली औषधंही मिळतात, आणि जुनाट वस्तीसाठी माझी पसंती त्यांनाच असते. कायटिनवालं लहान पिल्लं आणि अंडी सांभाळतं. आमिष न मिळाल्याने किंवा कमी खाल्ल्याने जी निसटतात ती शेवटच्या कातीपाशी हार्मोनवाल्याला सापडतात. अशा वेळी सापळ्याच्या वहीत दोन्ही खुणांचे वेगळे रकाने ठेवा, आणि किमान १२ आठवडे तरी ते भरा.