दहा लाख कॉल फुकट, मग बिल कशाचं आलं?

आपला कोड फंक्शनच्या रूपात चालवून देणाऱ्या एडब्ल्यूएस लॅम्डा या क्लाउड सेवेवर दरमहा दोन गोष्टी फुकट मिळतात: 10 लाख कॉल आणि 4 लाख जीबी-सेकंद. लक्षात राहते ती पहिली, बिल वाढवते दुसरी.

कॉलची मोजणी सरळ आहे. फंक्शन एकदा चाललं की एक कॉल, मग ते 20 मिलिसेकंद चालो वा 10 सेकंद. फुकटचा कोटा संपला की पुढच्या 10 लाखांना 20 सेंट, म्हणजे किरकोळच.

जीबी-सेकंद म्हणजे फंक्शनला नेमून दिलेली मेमरी गुणिले ते चाललेला वेळ. 512 एमबीचं फंक्शन 800 मिलिसेकंद चाललं तर 0.4 जीबी-सेकंद खर्ची पडतात. या मापाने दोन्ही कोटे बरोबर 10 लाखाव्या कॉलला संपतात. तेच फंक्शन 1024 एमबीचं आणि एक सेकंदाचं असेल, तर 4 लाख कॉलमध्येच दुसरा कोटा रिकामा. कॉलच्या आकड्यात मात्र अजून 6 लाख शिल्लक दिसतात. फसगत होते ती इथे. शिवाय हे कोटे अख्ख्या खात्याचे आहेत, प्रत्येक फंक्शनला वेगळे नाहीत.

आता गर्दीचा महिना घ्या. एरवी 3 लाख कॉल, 1024 एमबी, एक सेकंद: 3 लाख जीबी-सेकंद, बिल शून्य. सेल लागला, कॉल 30 लाखांवर गेले. त्या भाराने डेटाबेस मंदावला आणि प्रत्येक कॉल तीन सेकंद रेंगाळला. झाले 90 लाख जीबी-सेकंद. फुकटचे 4 लाख वजा केले तर 86 लाख उरतात. व्हर्जिनिया विभागातल्या एक्स86 प्रोसेसरच्या जीबी-सेकंदाला 0.0000166667 डॉलर या दराने त्यांचे सुमारे 143 डॉलर होतात. जादा 20 लाख कॉलचे? फक्त 40 सेंट. कॉल दहापट झाले, जीबी-सेकंद तीसपट. डेटाबेस दमला नसता तर हेच बिल 44 डॉलरच्या आत राहिलं असतं, कारण उत्तराची वाट बघत नुसतं बसलेलं फंक्शनही मीटर चालूच ठेवतं.

हे ओळखायचं तर लॉगमधली `REPORT` ओळ बघा:

```
Billed Duration: 3012 ms  Memory Size: 1024 MB  Max Memory Used: 146 MB
```

पैसे 1024 चे लागले, वापर 146 चा. इथे वेळ वाट बघण्यातच जात असेल, तर मेमरी 256 वर आणली की खर्च साधारण चौथाईवर येतो. पण फंक्शन फोटो लहान करण्यासारखं गणिती काम करत असेल तर थांबा. लॅम्डात सीपीयू मेमरीच्या प्रमाणात मिळतो. मेमरी निम्मी केली की वेळ जवळपास दुप्पट होतो आणि बचत शून्य.

टाइमआउटही तपासा. तो 15 मिनिटांपर्यंत वाढवता येतो, आणि अडकलेला प्रत्येक कॉल तेवढा वेळ बिल खातो. असिंक्रोनस, म्हणजे उत्तरासाठी न थांबता सोडून दिलेला, कॉल फसला तर लॅम्डा तो आपणहून आणखी दोनदा चालवते, त्याचेही पैसे लागतात. एरवी एका सेकंदात उरकणाऱ्या कामाला पाच सेकंदांचा टाइमआउट पुष्कळ झाला.