फाइल दुरुस्त करायची की परत मिळवायची? बॅटरी गेल्यावर अर्धवट राहिलेला व्हिडिओ

रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी गेली, तर कार्डावर सहसा दोनपैकी एक चित्र दिसतं. कधी फाइल जागेवर असते, आकारही भरघोस असतो, पण कुठलाच प्लेअर ती उघडत नाही. कधी फाइलचं नाव दिसतं पण आकार शून्य, किंवा नावही नसतं. दोन्हींना आपण ‘करप्ट झाली’ म्हणून मोकळे होतो आणि मिळेल ते रिपेअर टूल चालवतो. पण पहिल्या फाइलला दुरुस्ती लागते आणि दुसरीला रिकव्हरी. शून्य आकाराच्या फाइलवर रिपेअर टूल चालवणं निव्वळ वेळ घालवणं आहे. धडधाकट आकाराच्या फाइलसाठी कार्ड खरवडत बसणंही तसंच.

एमपी४ किंवा एमओव्ही फाइलमध्ये मुख्य दोन भाग असतात. `mdat` या भागात चित्र आणि आवाजाचा खरा डेटा असतो. `moov` या भागात त्या डेटाची अनुक्रमणिका असते: कुठली फ्रेम कितव्या बाइटपासून सुरू होते, ती किती मोठी आहे, किती वेळ दाखवायची, आणि चित्र कुठल्या सेटिंगने आवळलं आहे. रेकॉर्डिंग संपेपर्यंत ही यादी पूर्ण होत नाही, म्हणून बरेच कॅमेरे ती स्टॉप दाबल्यावर फाइलच्या शेवटी लिहितात. बॅटरी आधीच गेली की ती लिहिलीच जात नाही. सगळा डेटा असूनही प्लेअरला तो कुठून आणि कसा वाचायचा ते कळत नाही. अशी फाइल ffmpeg या व्हिडिओ हाताळणाऱ्या टूलला दिली की ठरलेला संदेश येतो:

```
moov atom not found
```

शून्य आकाराचं कारण याहून वेगळं आहे, आणि ते फाइलच्या आत नाही. कार्डावर एफएटी किंवा एक्सफॅट फाइल सिस्टीम असते. फाइल किती मोठी आहे ही नोंद फोल्डरच्या यादीत असते आणि अनेकदा ती फाइल बंद होतानाच पक्की होते. डेटा कार्डावर लिहिला जात होता, पण नोंदीत आकडा चढला नाही. कॉम्प्युटरच्या लेखी ती जागा अनेकदा रिकामी असते आणि पुढचं रेकॉर्डिंग बिनदिक्कत तिथेच बसू शकतं.

एक उदाहरण घेऊ. ५० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने २४ मिनिटं चित्रीकरण झालं आणि बॅटरी गेली. सेकंदाला साधारण ६.२५ मेगाबाइट, म्हणजे २४ मिनिटांचे सुमारे ९ जीबी. हा अंदाज आधी काढायचा आणि मग कार्डावरचा आकडा बघायचा. ९ जीबीच्या आसपास असेल तर दुरुस्तीचं प्रकरण, शून्य असेल तर रिकव्हरीचं.

तरी नुसत्या आकारावर विसंबू नये. काही उपकरणं जागा आधीच अडवून ठेवतात, त्यामुळे आकार मोठा दिसतो आणि आत शून्यं भरलेली असतात. फाइलच्या मधला एखादा तुकडा उघडून पाहिला की खात्री होते:

```
xxd -s 4000000000 -l 256 video.mp4
```

अक्षरं आणि आकडे विस्कटलेले दिसले तर डेटा असण्याची शक्यता चांगली आहे. दोन-चार ठिकाणी पाहूनही सगळीकडे `0000` असेल तर त्या फाइलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नाही, कुणी कितीही पैसे मागितले तरी.

दोन्ही बाबतीत पहिलं काम एकच: कार्डावर काहीही लिहू न देता त्याची पूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळ्या कार्डाची हुबेहूब प्रत एका फाइलीत, काढून घेणं. विंडोज ‘डिस्कमध्ये अडचण आहे, दुरुस्त करू का’ असं विचारतं, त्याला नकार द्यायचा. ती दुरुस्ती करणाऱ्या `chkdsk` चा हेतू फाइल सिस्टीम सुसंगत करणं हा आहे, तुमचं फुटेज वाचवणं नाही. लिनक्सवर प्रतिमा अशी काढतात (`sdX` च्या जागी आपल्या कार्डाचं नाव):

```
ddrescue -d /dev/sdX card.img card.map
```

प्रतिमा हाती आली की कार्ड त्याच कॅमेऱ्यात घालून, पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर कॅमेरा सुरू करून पाहावा. गोप्रोसारखे काही कॅमेरे अपूर्ण फाइल ओळखून स्वतःच दुरुस्त करतात. आपली यादी कशी लिहायची हे त्या कॅमेऱ्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

तिथे जमलं नाही तर `untrunc` हे दुरुस्तीचं टूल. याला दोन फाइली लागतात, एक बिघडलेली आणि एक चांगली:

```
untrunc changli.mp4 bighadleli.mp4
```

चांगली फाइल त्याच कॅमेऱ्याची हवी, आणि रिझोल्यूशन, फ्रेमदर, कोडेक, आवाजाची सेटिंग हे सगळं तेच हवं. चित्राचा साचा त्या फाइलच्या `moov` मधून उचलला जातो. एच.२६४ मध्ये प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहिलेली असते, म्हणून लांबी वाचायची, तेवढं पुढे जायचं, पुन्हा वाचायचं, असं करत हरवलेली यादी नव्याने बांधता येते. 4K ची फाइल बिघडली आणि नमुना 1080p चा दिला, तर एक तर टूल अडखळतं किंवा हिरवट-करडे चौकोन दिसतात. योग्य नमुना नसेल तर त्याच सेटिंगवर दोन-तीन मिनिटं नवीन चित्रीकरण करावं, पण दुसऱ्या कार्डावर.

आवाजाची गोष्ट अवघड आहे. एमपी४ मधल्या एएसी आवाजाच्या तुकड्यांना स्वतःची ठळक खूण नसते, त्यामुळे त्यांच्या सीमा टूलला अंदाजानेच ओळखाव्या लागतात. अंदाज चुकला की २४ मिनिटांची फाइल ११ मिनिटांतच संपते. अशा वेळी `-s` हा पर्याय देऊन न ओळखलेला भाग ओलांडून पुढे जाता येतं. फोनच्या फाइलीत आणखी एक घोळ असतो. फ्रेमदर बदलता असेल तर कुठली फ्रेम किती वेळ दाखवायची ही माहिती `moov` बरोबरच गेलेली असते, म्हणून ओठ आणि आवाज हळूहळू दूर जातात. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असेल तर आवाज सरकवून काम भागतं. तो वाढत जात असेल तर आवाज किंचित ताणावा किंवा आखडावा लागतो आणि तेही तंतोतंत बसेलच असं नाही. शेवटचे काही क्षण मात्र कुठल्याच उपायाने येत नाहीत, कारण ते कॅमेऱ्याच्या मेमरीत होते, कार्डापर्यंत पोचलेच नव्हते.

आता शून्य आकाराची फाइल. इथे `photorec` या रिकव्हरी टूलला कार्ड न देता `card.img` द्यावी आणि आधी मोकळ्या जागेत शोधायला सांगावं. ते फाइलच्या नावाकडे बघत नाही, सुरुवातीची खूण ओळखून तिथून पुढचा डेटा उचलतं. एमपी४ ची खूण म्हणजे `ftyp`. पण गंमत अशी की अपूर्ण फाइलमध्ये `mdat` ची लांबीही अनेकदा तात्पुरतीच लिहिलेली असते, त्यामुळे कुठे थांबायचं ते टूलला कळत नाही आणि फाइल तोकडी निघते किंवा सापडतच नाही. मग हेक्स एडिटरमध्ये प्रतिमा उघडून `ftyp` शोधायचं आणि त्याच्या ४ बाइट आधीपासून सुमारे ९ जीबी कापून घ्यायचं. थोडं जास्त कापलं तर फारसं बिघडत नाही.

एवढं करून हाती येते तिच्यातही `moov` नसतो, म्हणजे आता ती पहिल्या प्रकारची फाइल झाली. ती `untrunc` ला द्यायची. क्रम नेहमी हाच: आधी रिकव्हरी, मग दुरुस्ती.

ताज्या फॉरमॅट केलेल्या कार्डावर हे बऱ्यापैकी जमतं, कारण डेटा सलग लिहिलेला असतो. जुन्या फाइली मधूनमधून पुसून वापरलेल्या कार्डावर तोच डेटा तुकड्यातुकड्यांत पसरतो. मुख्य व्हिडिओबरोबर हलक्या दर्जाची दुसरी प्रत लिहिणाऱ्या कॅमेऱ्यांत दोन फाइलींचे तुकडे एकमेकांत गुंफलेलेही असू शकतात. असं झालं असेल तर ते दिसतं: दुरुस्त फाइल काही सेकंद किंवा मिनिटं नीट चालते आणि मग चित्र एकदम फुटतं. तुकडे जोडण्यासाठी त्या कॅमेऱ्याची लिहिण्याची पद्धत माहीत असलेला माणूस लागतो. त्याच्याकडे मूळ कार्ड, प्रतिमा आणि नमुना फाइल तिन्ही द्यावीत. आधी दुरुस्त केलेली फाइल त्याच्या उपयोगाची नसते.