उभ्या गाडीच्या मागे पळणारा रस्ता: पॅनिंगच्या नकलेची पार्श्वभूमी

दसऱ्याला सोलापुरात नव्या गाड्यांची पूजा झाली की आमच्याकडे एक मागणी हमखास येते. विजापूर रोडच्या कडेला मोबाईलवर काढलेला नव्या बाईकचा फोटो घेऊन पोरं येतात आणि म्हणतात, "दादा, गाडी पळताना दिसली पाहिजे." मग गाडी कापून वेगळी काढायची आणि मागची झाडं, दुकानं, रस्ता आडवे ओढून पुसट करायचे. काम दहा मिनिटांचं वाटतं, पण त्याच्यामागे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असला तर नक्कल कुठे फसते, हेही चटकन कळतं.

मूळ गोष्ट कॅमेऱ्यात घडते. शटर थोडं हळू ठेवायचं, समजा सेकंदाचा साठावा भाग, आणि गाडीच्या वेगाने कॅमेरा वळवत असतानाच बटण दाबायचं. गाडी फ्रेममध्ये एकाच जागी राहते म्हणून स्पष्ट येते, आणि स्थिर असलेलं बाकीचं जग आडवं फरफटतं. हेच पॅनिंग. फ्रान्सच्या झाक-आंरी लार्तिगने १९१२च्या सुमारास, ऐन अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, ग्राँ प्रीतल्या एका रेसिंग गाडीचा असा फोटो काढला. कॅमेरा वळवताना त्याला गाडीचा वेग पुरता गाठता आला नाही. त्यातच त्याच्या कॅमेऱ्यातलं शटर म्हणजे काचेच्या प्लेटसमोरून सरकणारी एक फट होती, त्यामुळे फोटोचा प्रत्येक भाग जरा वेगळ्या क्षणी टिपला गेला. परिणामी चाकं लंबगोल होऊन पुढे झुकली, आणि कडेचे प्रेक्षक व खांब उलट्या दिशेला कलले. गाडी तर फ्रेमच्या कडेला कापलीही गेली. हा फोटो कितीतरी वर्षं पडून राहिला. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तिगचं प्रदर्शन भरवलं, आणि तेव्हापासून वेगाचं चित्र म्हटलं की हाच फोटो पुढे येतो.

संगणकावर चित्रं तयार करणाऱ्यांना हा पुसटपणा मुद्दाम घडवावा लागला, कारण संगणकाचं चित्र मुळातच धारदार असतं. १९८४ मध्ये रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लोरेन कार्पेंटर यांनी त्यासाठी एक पद्धत मांडली. काल्पनिक शटर उघडं असण्याच्या काळात वेगवेगळ्या क्षणी दृश्याकडे काल्पनिक किरण सोडायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. पळत्या बिलियर्ड चेंडूंचं त्यांचं चित्र प्रसिद्ध आहे. मोशन ब्लर म्हणजे काळाची सरासरी, हे त्यातून स्वच्छ दिसतं. फोटोशॉपमधला आपला साधा Motion Blur फिल्टर मात्र काळ जाणत नाही. तो शेजारच्या पिक्सेलची एका रेषेत सरासरी घेतो, एवढंच.

मग तरीही तो पॅनिंगला इतका बेमालूम कसा चालतो? माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पॅनिंगमध्ये कॅमेरा जागेवर उभा राहून फक्त वळतो. वळणाऱ्या कॅमेऱ्यासमोर जवळचा खांब आणि लांबचं झाड जवळजवळ सारखंच फरफटतं. म्हणून सगळ्या पार्श्वभूमीला फरफटण्याचं एकच अंतर दिलं तरी डोळा फसतो. गाडीच्या बरोबरीने दुसऱ्या गाडीतून फोटो काढला तर हिशोब वेगळा होतो, तेव्हा रस्ता खूप पुसतो आणि लांबची इमारत कमी. पुष्कळ जण या दोन्ही गोष्टी एकाच फोटोत मिसळतात. नक्की काय चुकलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

ते अंतर किती घ्यायचं, याचाही हिशोब निघतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. सेकंदाच्या साठाव्या भागात बाईक १८ ते १९ सेंटिमीटर पुढे जाते. बाईक सुमारे दोन मीटर लांब असते. फोटोत ती २००० पिक्सेल भरत असेल, तर एका सेंटिमीटरला १० पिक्सेल पडतात, म्हणजे Motion Blur मध्ये Distance साधारण १८५. तेवढ्याच वेळात चाक किती फिरतं? चाकाचा परीघ १९० सेंटिमीटरच्या आसपास धरा, म्हणजे सुमारे ३५ अंश. तेवढाच गोल ब्लर चाकांना द्यायचा. पार्श्वभूमी वेगात आणि आरे मात्र मोजता येतील इतके स्पष्ट, असं झालं की गाडी उचलून ठेवल्यासारखी दिसते. Angle ठरवताना दोन्ही चाकांच्या मधल्या बिंदूंमधून रेषा ओढायची, तोच रस्त्याचा कल. हे सगळं गाडी पूर्ण बाजूने दिसते तेव्हाच लागू पडतं. समोरून तिरकी येणारी गाडी असेल तर सरळ रेषेचा फिल्टर हरतो. २०१४च्या फोटोशॉपमध्ये आलेले Path Blur आणि Spin Blur त्या वेळी उपयोगी पडतात.

फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये, पण लेअर मिळाले ते १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. ही नक्कल घरोघरी पोचली ती लेअरमुळे, कारण गाडी वर आणि पार्श्वभूमी खाली असं वेगळं ठेवता येऊ लागलं. पण त्याच वेळी एक चूकही सर्रास होऊ लागली. खालच्या लेअरवर मूळ गाडी तशीच राहते, फिल्टर तिलाही ओढतो, आणि लाल बाईकच्या मागेपुढे लाल धूर पसरतो. त्यामुळे ब्लर देण्याआधी खालची गाडी रस्त्याच्या आणि झाडांच्या तुकड्यांनी बुजवावी लागते. सावली मात्र गाडीच्या लेअरवरच ठेवायची, ती गाडीबरोबर पळते.

दिव्यांची गोष्ट आणखी बारीक आहे. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी दाखवलं की खरा पुसटपणा आणि साध्या फाइलवर दिलेला पुसटपणा उजेडाच्या जागी वेगळे पडतात. गाडीच्या आरशावरची उन्हाची तिरीप पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी पट तेजस्वी असते, पण साध्या फाइलमध्ये दोन्हींची किंमत २५५, म्हणजे तिथली सगळ्यात जास्त. पाच पिक्सेलची ती तिरीप १८५ पिक्सेलवर वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला सात येतात, आणि ती करड्यात विरते. खऱ्या पॅनिंगमध्ये तिथे लखलखीत पांढरी रेघ असती. २५५च्या पुढचं तेजही साठवणाऱ्या ३२ बिटमध्ये जाऊन, तेवढ्याच ठिपक्यांचं एक्स्पोजर वाढवून मग ब्लर दिला की ती रेघ मिळते. सोलापूरच्या सात रस्ता चौकात संध्याकाळी काढलेल्या फोटोत हे केलं नाही, तर सगळे दिवे विझल्यासारखे वाटतात.

गेल्या दसऱ्याला एका पोराच्या बाईकवर मी हे सगळं नीट केलं. चाकं फिरली, रेघा आल्या, कडा स्वच्छ निघाल्या. तो खूश होऊन निघाला, आणि त्याच्या धाकट्या बहिणीने दारातच विचारलं, "दादा, पळत्या गाडीचं स्टँड खाली कसं?" साइड स्टँड लावलेलं होतं, गाडी डावीकडे कलली होती, आणि हँडलचा झेंडूचा हार सरळ खाली लोंबत होता. आता फोटो काढायच्या आधीच मी फोन करून सांगतो: हार काढा, गाडी डबल स्टँडवर घ्या, वर बसा आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा. डबल स्टँड मी नंतर पुसतो.