ऋतू आणि दिनमान : पृथ्वीचा कललेला आस व परिभ्रमण

पृथ्वी ज्या आसावर स्वतःभोवती फिरते, तो आस तिच्या कक्षेच्या प्रतलावर सरळ उभा नाही. लंबरेषेपासून तो सुमारे २३.४४ अंशांनी (२३° २६′) कललेला आहे. असा कललेला आस घेऊन पृथ्वी वर्षभरात सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करते, म्हणून ऋतू पालटतात आणि दिवस-रात्र लहानमोठी होतात. यात कल आणि परिभ्रमण दोन्ही हवेत. आस सरळ असता, तर प्रत्येक ठिकाणी वर्षभर बारा तासांचा दिवस राहिला असता. आस कललेला असूनही पृथ्वी कक्षेत एकाच जागी राहिली असती, तर एका गोलार्धात कायमचा उन्हाळा आणि दुसऱ्यात कायमचा हिवाळा ठाण मांडून बसला असता.

आस वर्षभरात इकडून तिकडे डोलतो, अशी समजूत पुष्कळांची असते, पण ती चूक आहे. आसाची दिशा वर्षभर जवळजवळ तीच राहते. त्याचे उत्तर टोक जानेवारीतही ध्रुवताऱ्याच्या रोखाने असते आणि जुलैमध्येही. बदलते ती पृथ्वीची कक्षेतली जागा. जूनमध्ये पृथ्वी अशा जागी असते की उत्तर ध्रुव सूर्याकडे कललेला असतो. सहा महिन्यांनी ती कक्षेच्या पलीकडच्या बाजूला पोहोचते. आसाचा रोख तोच, पण सूर्य आता दुसऱ्या बाजूला, म्हणून उत्तर ध्रुव त्याच्यापासून दूर कललेला दिसतो.

दुसरी समजूत अंतराची. उन्हाळ्यात आपण सूर्याच्या जवळ असतो, असे सहज वाटते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात (सुमारे १४.७१ कोटी किमी), म्हणजे उत्तर गोलार्धाच्या ऐन हिवाळ्यात, आणि सर्वांत दूर जाते ती जुलैच्या सुरुवातीला (सुमारे १५.२१ कोटी किमी). या फरकामुळे पृथ्वीला मिळणारी सौर ऊर्जा सुमारे सात टक्क्यांनी कमीजास्त होते, पण ती दोन्ही गोलार्धांना एकाच वेळी. ऋतू मात्र दोन गोलार्धांत उलटे असतात, आणि अंतराने त्याचा उलगडा होत नाही. कललेला गोलार्ध सूर्याच्या ‘जवळ’ जातो म्हणून तापतो, हेही खरे नाही. पृथ्वीचा सगळा व्यासच १२,७५६ किमी; पंधरा कोटी किलोमीटरपुढे तो नगण्य आहे.

क्रांती, अयन आणि संपात

एखाद्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य ज्या अक्षांशावर बरोबर डोक्यावर येतो, तो अक्षांश म्हणजे त्या दिवशीची सूर्याची क्रांती. वर्षभर ती २३.४४° उत्तर आणि २३.४४° दक्षिण यांच्यामध्ये ये-जा करते. या दोन सीमा म्हणजेच कर्कवृत्त आणि मकरवृत्त.

सूर्य उत्तर सीमेवर पोहोचतो तो २१ जूनच्या सुमारास, दक्षिण सीमेवर २१ किंवा २२ डिसेंबरला. हे दोन अयनदिन. ‘अयन’ म्हणजे जाणे. जूनच्या अयनदिनापासून दक्षिणायन सुरू होते, डिसेंबरच्या अयनदिनापासून उत्तरायण. मधल्या वाटेवर सूर्य दोनदा विषुववृत्त ओलांडतो, २० मार्च आणि २२ सप्टेंबर यांच्या आसपास. हे वसंत संपात आणि शरद संपात. त्या दिवसांना विषुवदिन म्हणतात. नावे उत्तर गोलार्धातून दिलेली आहेत, दक्षिणेत वसंत संपाताला शरद सुरू होतो.

क्रांती रोज सारखी बदलत नाही. झोका मध्यातून वेगाने जातो आणि टोकाशी क्षणभर थबकतो, तसेच काहीसे येथे होते. संपाताच्या दिवसांत सूर्य एका दिवसात सुमारे ०.४ अंश सरकतो. अयनदिनापाशी जवळजवळ तेवढेच सरकायला त्याला दहा दिवस लागतात. म्हणून जूनच्या उत्तरार्धात दिनमान आठवडाभर बदलल्यासारखे वाटतच नाही, आणि मार्चमध्ये मात्र ते रोज वाढताना जाणवते.

५० अंश उत्तर अक्षांशावरचा शंकू

हे सगळे एका काठीने तपासता येते. सपाट जमिनीवर एक मीटर उंचीचा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, रोवावी आणि मध्यान्हीची सावली मोजावी. मध्यान्ह घड्याळातले बारा धरू नये. त्या दिवसाची सर्वांत आखूड सावली ज्या क्षणी पडते, ती खरी मध्यान्ह.

समजा, जागा ५०° उत्तर अक्षांशावर आहे. मध्यान्हीच्या सूर्याची क्षितिजापासूनची उंची काढायची, तर ९० मधून अक्षांश वजा करून त्यात क्रांती मिळवायची; दक्षिणेकडची क्रांती ऋण धरायची. २१ जूनला ती ६३.४ अंश येते आणि सावली सुमारे ५० सेंमी पडते. संपाताच्या दिवशी सूर्य ४० अंशांवर, सावली ११९ सेंमी. डिसेंबरच्या अयनदिनी सूर्य जेमतेम १६.६ अंशांवर, आणि एक मीटरच्या काठीची सावली ३ मीटर ३६ सेंमी.

आता उलटे चालावे. शंकूच्या टोकापासून सावलीच्या टोकाकडे जाणारी किरणरेषा उभ्या काठीशी जो कोन करते, तो जूनमध्ये २६.५६ अंश आणि डिसेंबरमध्ये ७३.४४ अंश निघतो. दोहोंच्या फरकाचा निम्मा २३.४४, म्हणजे पृथ्वीच्या आसाचा कल. दोहोंची सरासरी ५०, म्हणजे त्या जागेचा अक्षांश. दोन सावल्या मोजून अख्ख्या ग्रहाचा कल हाती येतो, यासारखी सुंदर मोजणी क्वचितच सापडेल. संपाताच्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसते: सावलीचे टोक दिवसभरात जमिनीवर जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम रेषा काढते. इतर दिवशी ती रेषा वक्र असते.

मध्यान्हीच्या उंचीचा उष्णतेशी थेट संबंध आहे. सूर्य खाली असला की तेवढेच किरण जमिनीच्या अधिक मोठ्या पट्ट्यावर पसरतात. या अक्षांशावर डिसेंबरच्या मध्यान्ही जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला जूनच्या मध्यान्हीच्या सुमारे एक तृतीयांशच ऊर्जा मिळते, आणि हा हिशोब वातावरणातली घट न धरता. त्यातच दिवसही लहान असतो.

दिवस किती मोठा

पृथ्वीचा अर्धा भाग नेहमी उजेडात असतो. उजेड आणि अंधार यांची सीमा म्हणजे प्रकाशवृत्त. जूनमध्ये उत्तरेचा ५० अंशांचा अक्षवृत्ताचा घेर या सीमेने निम्मा कापला जात नाही. त्याचा मोठा तुकडा उजेडात येतो. त्या अक्षांशावरची जागा चोवीस तासांत सगळा घेर फिरते, म्हणून ती अधिक वेळ उजेडात असते. गणिताने हे असे मांडतात:

```
cos H = − tan φ × tan δ
```

यात φ हा अक्षांश, δ ही सूर्याची क्रांती, आणि H हा मध्यान्हीपासून सूर्यास्तापर्यंत पृथ्वी जितकी फिरते तो कोन. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून H ची दुप्पट करून १५ ने भागले की दिनमान तासांत मिळते. ५० अंशांवर जूनच्या अयनदिनी H सुमारे १२१.१ अंश येतो आणि दिनमान १६ तास ९ मिनिटे. डिसेंबरमध्ये H ५८.९ अंश, दिनमान ७ तास ५१ मिनिटे. उंच सूर्य आणि लांब दिवस हे दोन्ही एकत्र धरले, तर येथे जूनच्या एका दिवसात वातावरणाच्या माथ्यावर येणारी ऊर्जा डिसेंबरच्या एका दिवसाच्या साडेपाच पटींहून अधिक भरते.

पंचांगात किंवा दैनिकात छापलेल्या वेळांशी हे आकडे ताडून पाहिले, तर ते जुळत नाहीत. छापलेला दिवस दहा-पंधरा मिनिटांनी मोठा असतो, आणि चूक कोणाचीही नसते. सूत्र सूर्याचा मध्यबिंदू धरते. सूर्योदय मात्र बिंबाची वरची कड दिसली की धरतात. शिवाय वातावरण किरणांना वाकवते, त्यामुळे क्षितिजाच्या खाली असलेला सूर्य सुमारे अर्ध्या अंशाने वर उचललेला दिसतो. म्हणून विषुवदिनी ‘दिवस-रात्र समान’ हे वाक्य अचूक नाही. ५० अंशांवर त्या दिवशी दिवस सुमारे १२ तास १० मिनिटांचा असतो, आणि खरी समान दिवस-रात्र मार्चमध्ये संपाताच्या तीनेक दिवस आधी आणि सप्टेंबरमध्ये तीनेक दिवस नंतर येते. विषुववृत्तावरही वर्षभर दिवस रात्रीपेक्षा काही मिनिटांनी मोठाच असतो.

उत्तरेकडे ६६.५६ अंशांच्या पुढे गेले की वरचे सूत्र थांबते: जूनमध्ये त्याला उत्तरच उरत नाही, कारण सूर्य मावळतच नाही. डिसेंबरमध्ये तो उगवत नाही. हे आर्क्टिक वृत्त. ९० मधून २३.४४ वजा केले की हाच आकडा येतो. ध्रुवावर तर सूर्य वर्षातून एकदाच उगवतो आणि एकदाच मावळतो. जूनच्या अयनदिनी चोवीस तासांत वातावरणाच्या माथ्यावर येणारी ऊर्जा उत्तर ध्रुवावर विषुववृत्तापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक असते. तरी ध्रुव थंड राहतो. तिरपे किरण वातावरणातून लांबचा रस्ता कापतात, पांढरे बर्फ बराचसा प्रकाश परतवून लावते, आणि उरलेली उष्णता बर्फ वितळवण्यात खर्ची पडते.

अयनदिन आणि कडाक्याचे दिवस

सर्वांत मोठा दिवस हा सर्वांत तापलेला दिवस नसतो. अयनदिनानंतरही काही आठवडे जमिनीला मिळणारी उष्णता ती बाहेर टाकत असलेल्या उष्णतेपेक्षा जास्तच असते, म्हणून तापमान चढत राहते. खंडाच्या अंतर्भागात ही पिछाडी साधारण महिन्याची, समुद्राकाठी अधिक, कारण पाणी हळू तापते आणि हळू निवते. हिवाळ्याचा कडाकाही तसाच डिसेंबरच्या अयनदिनानंतर येतो.

चारही ऋतूंची लांबी सारखी नसते. सूर्याजवळ असताना पृथ्वी कक्षेत जलद धावते, दूर असताना सावकाश. आज उत्तर गोलार्धाचा उन्हाळा, म्हणजे जूनचे अयन ते शरद संपात, सुमारे ९३.६ दिवसांचा आहे आणि हिवाळा सुमारे ८९ दिवसांचा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिर्विद हिपार्कसने वसंत ९४½ दिवसांचा आणि उन्हाळा ९२½ दिवसांचा धरला होता. तेव्हा वसंत मोठा होता, आज उन्हाळा मोठा आहे, कारण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची वेळ ऋतूंच्या मानाने हळूहळू पुढे सरकते. या सरकण्याचे एक आवर्तन सुमारे २१ हजार वर्षांनी पूर्ण होते.