विषय बदलला की भाषा?

वेबिनार घरोघरी पोचले ते लॉकडाऊनमध्ये. त्याचा सारांश काढण्याची आणि विषयवार तुकडे पाडण्याची युक्ती मात्र जुनी आहे. 1958 साली आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी लेखाचा सारांश यंत्राकडून काढून घेतला. जे शब्द पुन्हापुन्हा येतात ते महत्त्वाचे, आणि असे शब्द जिथे दाटीने येतात ती वाक्ये उचलायची. एकाच शब्दाची रूपे ओळखायला ते सुरुवातीची अक्षरे जुळवून पाहत. इंग्रजीत हे खपते. मराठीत ‘ऊस’चे ‘उसाला’ झाले की पहिलेच अक्षर बदलते, नि हिशेब चुकतो.

प्रकरणे पाडण्याची वाट मार्टी हर्स्ट यांच्या ‘टेक्स्टटायलिंग’ने दाखवली, तो निबंध 1997 चा. मजकुरातले दोन शेजारचे गट घ्यायचे, त्यांत किती शब्द सामाईक आहेत ते पाहायचे आणि तसेच पुढे सरकायचे. साम्य जिथे खोल घसरते, तिथे विषय बदलला.

हेच आमच्याकडे फसते. चिकोडीकडच्या ऊस उत्पादकांसाठी झालेल्या हुमणी या किडीवरच्या एका वेबिनारचे शब्दशः लेखन मी हाताळले होते. रेकॉर्डिंग पावणेदोन तासांचे. वक्ते मराठीत बोलत होते, मग एकाने कन्नडात प्रश्न विचारला आणि तेही सहज कन्नडात शिरले. हुमणीचे ‘गोण्णे हुळू’ झाले, उसाचे ‘कब्बू’. विषय तोच, हुमणीचे भुंगेरे गोळा करण्याचा, पण सामाईक शब्द जवळजवळ संपले आणि ऐन 37व्या मिनिटाला विषय बदलल्याची खोटी खूण पडली. ओळखायला सोपे: खुणेच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन मिनिटे ऐकायची. दोन्हीकडे एकच शीर्षक सुचले, तर ती खूण विषयाची नव्हे, भाषेची.

उपाय साधा निघाला. कामाच्या पंचवीस-तीस शब्दांची जोडयादी केली, लेखनाच्या प्रतीत दोन्ही भाषांतले शब्द आणि त्यांची रूपे एकाच शब्दाने बदलली आणि मगच तुकडे पाडले. उरले ते असे:

```
0:00 हुमणीचा जीवनक्रम
24:10 वळवानंतर भुंगेरे गोळा करणे
51:35 मेटारायझियम बुरशीचा वापर
1:17:20 प्रश्नोत्तरे
```

यूट्यूबने 2020 मध्ये वर्णनातल्या अशा वेळांवरून प्रकरणे दाखवायला सुरुवात केली. यादी `0:00` पासूनच हवी, वेळांच्या किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण निदान 10 सेकंदांचे हवे.

2022 साली बोललेले लिहून काढणारे ओपनएआयचे व्हिस्पर आले आणि टंकलेखनाचा त्रास वाचला. पण नेहमीच्या वापरात ते पहिल्या 30 सेकंदांवरून भाषा ठरवते. स्वागत मराठीत झाले, की पुढचे कन्नडही मराठीच समजून लिहिण्याची खटपट करते आणि भलतेच शब्द उमटतात. जोडयादी तिथे निरुपयोगी. तेवढा भाग वेगळा कापून, भाषा कन्नड सांगून पुन्हा चालवावा लागतो.

सारांश मी अजूनही प्रकरणागणिक दोन वाक्ये असा हातानेच लिहितो, आणि एकरी मात्रेचा आकडा आला की रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकतो.